पंखा, कूलर आणि फर्निचर: वाऱ्याची वाट ओळखून खोली कशी मांडावी

नवीन घरात सामान लावताना बहुतेक जण आधी सोफा, पलंग, कपाट यांच्या जागा ठरवतात. पंखा छतातल्या हुकाला लटकलेला असतोच आणि कूलर उरलेल्या कोपऱ्यात जातो. मग उन्हाळा आला की तक्रार सुरू होते: पंखा पाचवर आहे तरी वारा लागत नाही, कूलरमुळे खोली नुसती चिकट होते. अशा वेळी पंख्याला किंवा कूलरला दोष देण्याआधी खोलीची मांडणी तपासावी. बऱ्याच वेळा यंत्र नीट चालत असतं, पण त्याचा वारा सोफ्याच्या पाठीवर, कपाटाच्या कडेवर किंवा भलत्याच दारातून बाहेर जात असतो.

पंखा खोली थंड करत नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. उलट त्याची मोटर खोलीत थोडीशी उष्णताच सोडते. पंखा अंगावरून हवा सरकवतो, त्यामुळे घाम लवकर वाळतो आणि आपल्याला गार वाटतं. म्हणून रिकाम्या खोलीत चालू ठेवलेल्या पंख्याचा काही उपयोग नाही आणि माणूस जिथे बसतो तिथे वारा पोहोचत नसेल तरीही नाही. कूलरचं काम वेगळं आहे. तो बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या पॅडमधून ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते आणि थंड पण दमट हवा खोलीत येते. पंखा आहे तीच हवा फिरवतो. कूलर मात्र सतत नवी हवा आत ढकलतो आणि तेवढीच हवा खोलीतून बाहेर जावी लागते. पुढची सगळी मांडणी या एका फरकावर उभी आहे.

पंख्याखालचा वारा कसा फिरतो

पंखा फिरू लागला की पात्यांखाली हवेचा एक खांब तयार होतो आणि तो खाली येतो. त्याची रुंदी साधारण पंख्याच्या व्यासाएवढी असते. जमिनीवर आपटला की तो चहूबाजूंनी पसरतो आणि फरशीलगत भिंतीकडे धावतो. भिंतीला लागल्यावर वर चढतो, छताखालून परत पंख्याकडे येतो आणि पुन्हा खाली ढकलला जातो. म्हणजे वारा दोन ठिकाणी चांगला मिळतो: खांबाच्या आत आणि फरशीलगतच्या पसरत्या थरात. खांबाच्या बाहेर, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, वारा बराच कमी असतो. नेमके त्याच जागी आपण सोफे ठेवतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. पंख्याच्या बरोबर मध्याखाली, मोटरच्या खाली, वारा सगळ्यात जास्त नसतो. मधला भाग पात्यांचा नाही, त्यामुळे तिथे झोत मंद असतो. खरा जोर मध्य सोडून थोडा बाहेर, पण पात्यांच्या टोकांच्या आत असतो. नेहमीच्या १२०० मिलिमीटर, म्हणजे ४८ इंची पंख्यासाठी ती जागा मध्यापासून साधारण एक ते दीड फुटावर येते.

हे वाचून सोडू नका, बघून घ्या. टिश्यू पेपरची फूटभर लांब, बोटभर रुंद पट्टी कापा आणि एका काठीच्या टोकाला चिकटवा. पंखा मधल्या वेगावर ठेवा. काठी पंख्याच्या मध्याखाली, जमिनीपासून चारेक फुटांवर धरा. पट्टी सरळ लोंबत राहील, थोडी थरथरेल. आता काठी हळूहळू बाहेर सरकवा. फूट-दीड फुटावर पट्टी ताणली जाईल, कारण वरून येणारा झोत तिला खाली खेचतो. आणखी बाहेर, पात्यांच्या टोकापलीकडे गेलात की ती एकदम ढिली पडते. आता तिथेच वाका आणि पट्टी फरशीपासून वीतभर वर धरा. ती भिंतीच्या दिशेने आडवी उडायला लागेल. एवढ्या दहा मिनिटांत तुमच्या खोलीचा वाऱ्याचा नकाशा तुम्हाला दिसतो. जिथे पट्टी ढिली पडली तिथे खडूने खूण करा. पंख्याच्या खांबाची कड जमिनीवर कळली की पुढचं काम सोपं होतं.

आधी पंखा जागेवर आहे का ते तपासा

फर्निचर हलवण्याआधी पंख्याची उंची मोजा. पाती जमिनीपासून किमान सात फूट वर हवीत, ते सुरक्षिततेचं माप आहे. वाऱ्यासाठी आठ ते नऊ फूट उंची चांगली. छत आणि पाती यांच्यात निदान दहा इंच अंतर हवं. पंख्याला खाली ढकलायला आधी वरून हवा ओढावी लागते आणि पाती छताला चिकटून असतील तर वर हवा यायलाच जागा राहत नाही. असा पंखा पूर्ण वेगात फडफडतो, आवाज भरपूर करतो, पण खाली वारा देत नाही. फॉल्स सीलिंग करताना हे हमखास घडतं. छत खाली येतं, पण दांडा जुनाच राहतो. तेव्हा दांडा बदलून घ्या. पंख्याचं वजन मात्र मूळ स्लॅबमधल्या हुकावरच हवं, फॉल्स सीलिंगच्या सांगाड्यावर कधीच नको.

उलट छत बारा-तेरा फूट उंच असेल आणि पंखा छोट्या दांड्यावर असेल, तर खाली येईपर्यंत झोताचा जोर कमी होतो. लांब दांडा लावून पाती आठ-नऊ फुटांवर आणली की त्याच पंख्याचा वारा जाणवण्याइतका वाढतो.

पात्यांचं टोक आणि जवळची भिंत यांच्यात दीड फूट तरी मोकळे असावेत. उंच कपाटही इथे भिंतच समजा. छतापर्यंत गेलेलं कपाट पात्यांच्या फूटभर अंतरावर आलं, तर पंख्याकडे परतणारी हवा त्या बाजूने अडते, झोत एका अंगाला कलतो आणि पंखा थोडा डुलायलाही लागतो. दुमजली पलंग असेल तर वरच्या पलंगावरून हात पात्यांपर्यंत जाईल अशी जागा अजिबात चालणार नाही. तिथे भिंतीवरचा पंखा लावा.

दिव्यांचं एका वाक्यात सांगतो: पात्यांच्या वरच्या बाजूला, त्यांच्या घेऱ्यात दिवा असेल तर खाली सतत लुकलुकणारी सावली पडते, म्हणून दिवे घेऱ्याबाहेर ठेवा.

पंखा हुकामुळे एका जागी बांधलेला असतो. तो दोन फूट सरकवायचा म्हणजे स्लॅबला भोक, वायर, प्लास्टर. पलंग दोन फूट सरकवायला मात्र दोन माणसं आणि पाच मिनिटं पुरतात. म्हणून उंची दुरुस्त झाली की पंखा कायम धरा आणि बाकीचं त्याच्याभोवती बसवा.

पलंग, सोफा, टेबल

पलंगापासून सुरुवात करू, कारण माणूस एका जागी सगळ्यात जास्त वेळ तिथेच असतो. अकरा फूट खोल खोली घ्या, पंखा मधोमध, म्हणजे डोक्याकडच्या भिंतीपासून साडेपाच फुटांवर. पलंग साडेसहा फूट लांब, उशी भिंतीला टेकवलेली. हिशेब करा: पंख्याचा मध्य पोटऱ्यांवर येतो. खांब साडेतीन ते साडेसात फुटांच्या पट्ट्यात पडतो, म्हणजे मांड्यांपासून पावलांपर्यंत आणि पुढे फरशीवर. डोकं आणि छाती खांबाच्या बाहेर राहतात. रात्री "पाय गार आणि चेहरा घामेजलेला" असं होतं त्याचं कारण हेच.

तरीही डोक्याला थोडा वारा लागतो, कारण गादीवर आपटलेला झोत गादीवरूनच पसरतो आणि उशीपर्यंत येतो. या पसरत्या थराला मोकळं सोडणं आपल्या हातात आहे. पायांकडे पुंजका करून ठेवलेलं जाड पांघरूण, मध्ये मांडलेला लोड, अशी प्रत्येक गोष्ट हा थर तोडते. मच्छरदाणीही झोताचा बराच जोर खाते, म्हणून मच्छरदाणीत झोपणाऱ्याने पंख्याच्या खांबात जास्तीत जास्त शरीर येईल अशीच जागा निवडावी.

पलंग भिंतीपासून एक-दीड फूट पुढे ओढता आला तर सगळ्यात उत्तम. तेवढ्याने खांब छातीच्या खालच्या भागापर्यंत येतो आणि उशीवरचा वारा स्पष्ट वाढतो. मागे राहिलेल्या फटीत एक अरुंद फळी बसवली की उशी मागे घसरत नाही आणि पाण्याचा तांब्या, चष्मा ठेवायला जागा होते. पुढे ओढायला जागा नसेल तर पलंग आडवा फिरवून बघा. लांबी खोलीच्या लहान बाजूला समांतर केली की पंखा पोटाजवळ येण्याची शक्यता वाढते. आणि दोन्हीपैकी काहीच जमत नसेल, तर उशी पायांकडे नेऊन एक रात्र झोपून बघा. पायांकडच्या टोकाला डोकं केलं की छाती आपोआप खांबात येते. विचित्र दिसतं, पण काहीही न हलवता होणारा हा एकमेव उपाय आहे.

सोफ्याचा प्रश्न वेगळा आहे. सोफा बहुधा भिंतीला असतो, म्हणजे बसणारा माणूस खांबाच्या बाहेर. त्याला मिळतो तो फरशीलगतचा थर. सोफ्याला उंच पाय असतील तर हा थर सोफ्याखालून निघून जातो आणि मागच्या भिंतीवर चढतो. पाय गार होतात, अंग नाही. सोफा जमिनीला टेकलेला असेल तर थर त्याच्या पुढच्या बाजूला आपटतो आणि वर वळतो, त्यामुळे गुडघे आणि मांड्यांपर्यंत वारा येतो. म्हणून उंच पायांच्या सोफ्याखाली सामानाचा लांबट खोका सरकवला तरी बसणाऱ्याला फरक कळतो. सोफ्याची पाठ पंख्याकडे करून खोलीच्या मधोमध ठेवला तर ती पाठ आडोसा होते आणि बसणाऱ्याच्या धडाला काहीच मिळत नाही. दोन भाग करण्यासाठी सोफा असा ठेवायची पद्धत आहे. ती दिसते छान, पण एकच पंखा असलेल्या खोलीत मी ती टाळतो.

सोफ्यासमोर मोठा टीपॉय असेल तर एकदा त्याच्याकडे नीट बघा. बहुतेक वेळा तो बरोबर पंख्याखाली असतो. खांब त्याच्यावर आपटतो आणि गुडघ्याच्या उंचीवर पसरतो, हे सोफ्यावरच्या माणसाच्या फायद्याचं आहे. पण जमिनीवर बसून खेळणाऱ्या मुलाला टीपॉयच्या सावलीत वारा मिळत नाही. घरात जमिनीवर बसणारं कोणी असेल तर टीपॉय एका बाजूला हलवा.

अभ्यासाचं टेबल खांबात ठेवू नका, कागद उडतात आणि वैतागून मुलं पंखा कमी करतात. टेबल भिंतीला लावा आणि खुर्चीची पाठ खांबाच्या कडेपासून दोन फुटांच्या आत येईल असं बघा. खुर्ची बंद पाठीची नको, जाळीची किंवा उभ्या पट्ट्यांची घ्या. पाठीलाच वारा लागणार आहे.

कूलर: आत येणारी वाट आणि बाहेर जाणारी वाट

कूलर घेतल्यावर लोक दारं-खिडक्या बंद करतात, एसीची सवय म्हणून. कूलरसाठी हे नेमकं उलटं आहे. बंद खोलीत कूलर तीच तीच दमट हवा पुन्हा पॅडमधून ओढतो. अर्ध्या-पाऊण तासात हवा इतकी ओलसर होते की पाण्याची वाफच होईना. मग थंडावा संपतो, अंग चिकचिकतं, चादर ओलसर लागते, फरशी निसरडी होते. पाण्याची टाकी पूर्वीपेक्षा हळू रिकामी होतेय, हीसुद्धा त्याचीच खूण.

म्हणून कूलरची मागची बाजू उघड्या खिडकीकडे हवी. शक्य असेल तर कूलर खिडकीबाहेर स्टँडवर आणि तोंड आत, म्हणजे तिन्ही पॅडना बाहेरची हवा मिळते. आत ठेवायचाच असेल तर मागच्या आणि बाजूच्या पॅडभोवती फूट-दीड फूट मोकळी जागा सोडा. पडदा दोन्ही बाजूंना बांधून ठेवा, नाहीतर तो ओढला जाऊन पॅडला चिकटतो आणि अर्धा कूलर बंद पडल्यासारखा होतो. पाणी भरण्याची बाजू कोणती ते आधी बघा आणि तिकडे बादली घेऊन उभं राहता येईल एवढी जागा ठेवा. कपाटाच्या फटीत अडकवलेल्या कूलरचं पाणी कोणी वेळेवर बदलत नाही, आणि साचलेल्या पाण्यात डास होतात.

आता बाहेरची वाट. कूलरच्या समोरच्या किंवा तिरप्या कोपऱ्यातली खिडकी थोडी उघडी ठेवा. किती, याचा साधा अंदाज असा: मिनिटाला १००० घनफूट हवा देणाऱ्या कूलरसाठी सुमारे दोन चौरस फूट उघडी जागा. खिडकीला डासांची जाळी असेल तर ती जागा जवळपास दुप्पट करा. आणि हे महत्त्वाचं: कूलरजवळचं दार बंद ठेवा. हवा सगळ्यात सोप्या वाटेने जाते. कूलरपासून चार फुटांवर दार उघडं असेल तर थंड हवा खोलीत न फिरता तिथूनच निघून जाईल आणि समोरची खिडकी नुसती उघडी दिसेल.

वाट बरोबर आहे का हे त्याच टिश्यूच्या पट्टीने कळतं. कूलर चालू करून पट्टी समोरच्या खिडकीच्या फटीत धरा. ती बाहेरच्या बाजूला उडाली तर ठीक. लोंबत राहिली तर हवा दुसरीकडून जातेय, ती फट शोधा. पट्टी आत उडत असेल तर बाहेरचा वारा त्या खिडकीवर येतोय. अशा वेळी बाहेर जाणारी वाट दुसऱ्या भिंतीवर निवडावी लागेल. उलट दारं आपोआप धाडकन बंद होत असतील, तर हवेला बाहेर जायला जागा कमी पडतेय. खिडकी आणखी उघडा.

माणसाची जागा या दोन वाटांच्या मध्ये हवी. कूलरच्या झोतात, पण अगदी तोंडाशी नको. चार-पाच फूट अंतर ठेवलं तर आवाजही सहन होतो आणि तुषार अंगावर येत नाहीत. झोताची उंची सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या छातीएवढी, म्हणजे जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास असावी. बुटका कूलर जमिनीवर ठेवला आणि समोर सोफ्याची पाठ आली, की सगळा झोत त्या पाठीवर फुटतो. मजबूत स्टँडवर कूलर चढवला की हा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो. थंड हवा जड असते, ती पुढे जाताना खाली उतरते, म्हणून समोरच्या आडव्या पट्ट्या किंचित वर कललेल्या ठेवा.

कूलरची मर्यादाही माहीत हवी. बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या ओल्या पॅडमधून साधारण २७ अंशांची हवा मिळू शकते. बाहेर ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर फार तर दोन अंशांचा फरक पडेल आणि खोली आणखी दमट होईल. अशा दिवसांत पंप बंद करून कूलर नुसता पंखा म्हणून चालवा, तेही खिडक्या उघड्या ठेवून. कोणतीही मांडणी ही मर्यादा ओलांडू शकत नाही.

एक खोली प्रत्यक्ष मांडू

खोली पंधरा फूट लांब, अकरा फूट रुंद, दहा फूट उंच. दोन्ही अरुंद भिंतींवर एकेक खिडकी आहे. पहिल्या खिडकीजवळ कूलर. एका लांब भिंतीत, कूलरपासून चारेक फुटांवर दार. पंख्याचा हूक बरोबर मध्ये, पंखा १२०० मिलिमीटरचा. सामान: सहा फूट लांब आणि तीन फूट खोल सोफा, टीव्ही, अभ्यासाचं टेबल, सहा फूट उंच पुस्तकांचं कपाट.

सुरुवातीची मांडणी अशी: सोफा खोलीच्या मध्यात, पाठ कूलरकडे, तोंड दुसऱ्या खिडकीच्या भिंतीवरच्या टीव्हीकडे. पुस्तकांचं कपाट त्याच भिंतीला, निम्म्या खिडकीवर आलेलं, म्हणून ती खिडकी कायम बंद. दार सतत उघडं. कूलरचा झोत जमिनीपासून दोन फुटांवर सुटतो आणि पावणेतीन फूट उंच सोफ्याच्या पाठीवर आदळतो. उरलेली थंड हवा दारातून निघून जाते. सोफ्यावरच्या माणसाला मानेवर थोडा गारवा, बाकी काही नाही. टीव्हीसमोर जमिनीवर बसलेल्याला तर कूलर चालू आहे हेसुद्धा कळत नाही.

आधी कपाट हलवलं. ते दाराच्या भिंतीला, दारापलीकडच्या कोपऱ्यात गेलं. पंख्याच्या पात्यांपासून ते दूर आहे आणि कूलरच्या वाटेतही येत नाही. दुसरी खिडकी मोकळी झाली. खोलीचं घनफळ १६५० घनफूट. दर दोन मिनिटांनी हवा बदलायची म्हटली तर मिनिटाला सुमारे ८२५ घनफूट हवा लागते, म्हणजे कूलरच्या खोक्यावर लिहिलेल्या मापात ताशी १४०० घनमीटर. त्यासाठी पावणेदोन चौरस फूट उघडी जागा पुरते. साडेतीन फूट उंच खिडकीचं सरकतं तावदान अर्धा फूट उघडलं की तेवढी जागा झाली. जाळी बसवलेली असेल तर एक फूट.

मग सोफा दारासमोरच्या लांब भिंतीकडे नेला, पण भिंतीला चिकटवला नाही, एक फूट सोडला. त्या फटीत घडीच्या खुर्च्या उभ्या राहतात. हिशेब असा: पंख्याचा मध्य भिंतीपासून साडेपाच फुटांवर, खांबाची कड साडेतीन फुटांवर. सोफ्याची पुढची कड चार फुटांवर आली. म्हणजे बसणाऱ्याचे गुडघे आणि मांडीचा पुढचा भाग खांबात, पाय पसरत्या थरात, आणि खांब मांडीवर आपटून थोडा वारा पोटा-छातीकडे येतो. भिंतीला टेकून ठेवला असता तर माणूस पूर्ण बाहेर राहिला असता. त्या एका फुटासाठी येण्या-जाण्याची जागा कमी होते, पण समोर सात फूट शिल्लक आहेत. टीव्ही दाराच्या बाजूच्या लांब भिंतीवर, कपाट आणि दार यांच्यामध्ये आला.

कूलर स्टँडवर चढवून झोत तीन फुटांवर आणला. आता तो खोलीच्या लांबीला धरून सोफ्याच्या समोरून जातो. उभ्या पट्ट्या किंचित सोफ्याकडे वळवल्या, इतक्याच की झोत सोफ्याच्या जवळच्या हातावर न आपटता बसलेल्यांच्या अंगावरून सरकेल. सोफ्याचं जवळचं टोक कूलरपासून साडेचार फुटांवर राहील असं बघितलं. दार ओढून घेतलं. अभ्यासाचं टेबल दुसऱ्या खिडकीच्या भिंतीला, पण खिडकीच्या बाजूला, सोफ्याकडच्या कोपऱ्यात. खिडकीतून बाहेर जाणारी हवा शेजारून जाते, मुलाच्या खांद्याला लागते आणि वह्या जागेवर राहतात.

शेवटी पंखा. कूलर चालू असताना पंखा पूर्ण वेगात ठेवला तर त्याचा खांब कूलरच्या आडव्या झोताला मध्येच तोडून फरशीवर दाबतो, शिवाय छताखाली साठलेली गरम हवा खाली ओढून आणतो. वरचा मजला असेल आणि स्लॅब तापलेला असेल तर हे फारच जाणवतं. इथे पंखा एक किंवा दोनवर ठेवला. पट्टी सोफ्यासमोर छातीच्या उंचीवर धरली, तेव्हा पंखा बंद असताना ती खिडकीच्या दिशेने आडवी उडत होती. दोनवर ती तिरपी झाली, पण आडवीच जास्त. चारवर सरळ खाली ताणली गेली. दोन हाच या खोलीचा आकडा ठरला. तुमच्या खोलीत तो वेगळा असेल, पण पट्टी तिरपी राहते तोवरच वाढवायचा.

पंधरा फुटांच्या खोलीत एका पंख्याचा वारा दोन्ही टोकांना पोहोचत नाही, म्हणून अभ्यासाच्या टेबलाला कूलरवर अवलंबून राहावं लागतं. कूलर न चालणाऱ्या दमट दिवसांत तिथे भिंतीवरचा छोटा पंखा लागेल. कोणी दोन छताचे पंखे लावणार असेल तर लांबीच्या चतुर्थांशावर, म्हणजे दोन्ही अरुंद भिंतींपासून पावणेचार फुटांवर हूक घ्यावेत. तेव्हा पात्यांचं टोक भिंतीपासून पावणेदोन फूट दूर राहतं. दोन पंख्यांचे पसरते थर खोलीच्या मध्यरेषेवर एकमेकांवर आदळून वर उठतात, त्यामुळे मधोमध बसणाऱ्याला वारा कधी इकडून, कधी तिकडून असा तुटक लागतो. तिथे बसायची जागा करू नका, टीपॉय ठेवा.

मांडणी झाली की दोन-तीन दिवस तशीच वापरा आणि खडूच्या खुणा पुसू नका. कोण कुठे बसतं, कोणाची खुर्ची रोज जराशी सरकते, हे बघा. खुर्ची रोज एकाच दिशेने सरकत असेल तर वारा तिकडे आहे, खुर्चीची खरी जागा तिथेच. आणि कूलरची वायर चालण्याच्या वाटेवरून किंवा ओल्या फरशीवरून जात नाही ना, प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच आहे ना, हे फर्निचर पुन्हा हलवलंत की दरवेळी तपासा. पाणी भरताना कूलरचा प्लग काढूनच ठेवायचा.